ठमाबाईचा ऑन-कॉल

"सही कर, नाईतर रात्रपाळीच्या यादीतून तुयं नाव काटतो!"

"काटा ना खुशालभाऊ. पेन देऊ का?"

"नागसेन, दहावी सोडलेल्या पोट्ट्यानं मले हिशोब नाई शिकवाचा."

खुशालभाऊ आमच्या हास्पिटलचा अकाउंटंट. मी तिथी ऑक्सिजनचे सिलेंडर चढवतो-उतरवतो, दहा महिने झाले. माही ताई हर्षा तिथीच नर्स हाय, सहा वर्षं झाले. काल सकाळी खुशालभाऊनं आमाले सगळ्याईले काउंटरपाशी बोलावलं आन एकेक कागद हाती देल्ला. त्याच्यात लिवलं होतं का ऑन-कॉल भत्ता फक्त फोन आल्यावर येनाऱ्याले भेटते, जेवढ्या वेळा आला तेवढा, आन हे पयल्यापासून असंच हाय.

साफ झूठ. रात्रपाळीचं ठीक हाय. रात्री दहा ते सकाळी सहा ड्युटी केली का एकशे वीस रुपये. रजिस्टरात जेवढ्या रात्री, तेवढेच पैशे. कोनाच्या आठ रात्री, कोनाची एकबी नाई. पन ऑन-कॉलचे अडीच हजार दर महिन्याले आमाले चौदाच्या चौदा जनाईले भेटते. फोन येवो का न येवो. हास्पिटलचे मालक डॉक्टरसायब, त्याईनं सहा वर्षांआंधी पगार वाढवला तवा बेसिक नाई वाढवला, हा भत्ता चालू केला. बेसिक वाढला असता तर पीएफबी वाढला असता ना!

पीएफ कापते ते बेसिक आन महागाई मिळून अकरा हजार आठशेवर. अडीच हजारावर नाई. त्या अडीच हजाराचे बारा टक्के म्हणजे तीनशे ताईचे, तीनशे मालकाचे. महिन्याचे सहाशे, सहा वर्षांचे त्रेचाळीस हजार दोनशे. ताईनं नागपूरच्या पीएफ ऑफिसात तक्रार केली, नोटीस आली, आज तारीख हाय. म्हनून काल ह्या कागदाची घाई.

"भत्ता म्हणजे भत्ता," खुशालभाऊ म्हने. "तो बेसिकमंधी येत नाई. आन आला तर तुमच्याच हातात तीनशे कमी येतीन. पाहा बा, पोरीचं ऐकून पोट मारू नका."

हे ऐकून पाच जनाईनं पटापट सह्या केल्या. मले असा राग आला का काउंटरवरचा स्टॅपलर उचलला.

"ठेव तो खाली," ताई म्हने. मंग ती खुशालभाऊकडे वळली. "ते तीनशे कुठी जातीन भाऊ? माह्याच खात्यात ना? आन नाव काहीबी ठेवा. जे सगळ्याईले दर महिन्याले सारखंच भेटते, ते पीएफसाठी बेसिकमंधीच धरा लागते."

"सारखं कसं? जो येते त्याले."

मंग मी ठमाबाईकडे पाह्यलं. ती फरशी पुसून राह्यली होती.

"ठमाबाई, तुमाले ऑन-कॉल भेटते?"

"भेटते ना. कागदावर असते."

"फोन कोनता तुमच्यापाशी?"

"माह्यापाशी कुठचा फोन रे बापा? आमच्या गावात टावर नाई. मी सायकाळी पाचची गाडी धरतो, तं सकाळीच दिसतो."

सगळे हासले. सही करनारेबी हासले. खुशालभाऊ म्हने, "तिचं वेगळं हाय."

"आन तुमचं?" मी म्हटलं. "तुमालेबी अडीच हजार हाय. तुमाले रातच्याले कोन्या पेशंटनं बोलावलं, बिल फाडाले?"

त्याचं थोबाड लाल झालं. ठमाबाईनं हात पदराले पुसला, अंगठ्याचा शाईचा डबा उचलला, झाकन लावलं आन त्याच्या समोर ठेवला.

"मी अंगठा नाई देत. सहा वर्षं तुमी मले कवा बोलावलं नाई, मंग खोटं काऊन सांगू?"

मंग बाकीच्या नऊ जनातून एकानंबी सही नाई केली. खुशालभाऊनं माहं नाव रात्रपाळीतून काटलंच. महिन्याचे आठ-नऊशे गेले. जाऊ दे.

घरी मी आज पीएफ ऑफिसात द्याच्या अर्जात आखीन लिवलं, रात्रपाळीचे पैशेबी बेसिकमंधी धरा. ताईनं वाचलं आन पेन माह्या हाती देल्ला.

"हे खोड."

"काऊन? त्याईनं एवढं खाल्लं, आपन सोडाचं?"

"ज्यानं रात्र काढली त्यालेच भेटते, कमी-जास्त होते. ते नाई धरत. हे ठेवलं तर आपली खरी गोष्टबी ते झूठ म्हनतीन."

मी खोडलं. एवढ्या जोरानं खोडलं का कागद फाटला. नवा लिवा लागला. पन खुशालभाऊसारखं खोटं मी नाई लिवत.

पिशवीत चौदापैकी नऊ जनाईच्या पगाराच्या पावत्या हाय, सगळ्यात वर ठमाबाईची. स्टँडवरच्या बाकावर बसून हे लिवून राह्यलो. आमच्या वाट्याचा जो पीएफ मालकानं मांगं कापला नाई, तो आता आमच्या पगारातून कापू देनार नाई, हेबी ताईनं अर्जात टाकलं. खुशालभाऊ तिथी आला तर मी त्याले पीएफच्या साहेबाईसमोरच—

नागपूरची गाडी लागली. ताई दारातून हाका मारून राह्यली. मले आता जा लागते.