वैद्यकीय शीर्षातली बचत

जगन भोईर म्हणजे संस्थेच्या वागळे इस्टेटमधल्या मुख्य कार्यालयातला मुरलेला कारकून. मार्च आला की अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या एका शीर्षातले पैसे दुसऱ्या शीर्षात वळवायची टिपणी त्यानेच लिहायची. नियम साधा होता. ज्या शीर्षातून पैसे काढायचे तिथे एकही मागणी प्रलंबित नाही, असं टिपणीत लिहून द्यायचं, मग उरलेली रक्कम 'बचत'. आणि अर्ज पडून असले तर? अहो, काहीतरी त्रुटी काढायची आणि परत पाठवायचे! परत गेला तो प्रलंबित नाही. वीस वर्षं जगनने हेच केलं आणि वर शाबासकी खाल्ली.

यंदा कर्मचारी वैद्यकीय साहाय्याच्या शीर्षात चार लाख नव्वद हजार उरले होते. सचिवांना ते वर्धापनदिनाला हवे होते. पाच लाखांच्या आत त्यांची एकट्याची सही चालते, कार्यकारिणीपुढे जावं लागत नाही. अडचण एकच. एक अर्ज प्रलंबित होता, आणि तो जगनचाच होता. बायकोच्या, मालनच्या, हृदयाच्या झडपेसाठी दोन लाख. ऑपरेशन सोमवारी, आणि पैसे भरल्याशिवाय डोंबिवलीचं रुग्णालय तिला दाखल करून घेणार नव्हतं.

लेखाधिकारी क्षिप्रा मॅडमनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

"भोईर, खर्चाच्या अंदाजाची झेरॉक्स लावलीय. मूळ प्रत नाही. परत करतेय."

"मॅडम, झेरॉक्स चालते की आपल्याकडे!"

"चालते. पण त्रुटी काढायला तुम्हीच शिकवलंत ना मला? आता टिपणी पूर्ण करा."

जगनने अर्ज घडी करून खिशात घातला. शहाणपणाची खोड काही जाईना. टिपणी सचिवांच्या टेबलावर दोन दिवस पडतेच, तोवर मूळ प्रत आणून अर्ज पुन्हा दाखल करू, मॅडमनाही कशाला दुखवा! त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर शीर्षाखाली एकही मागणी प्रलंबित नाही.' सही ठोकली आणि डोंबिवली गाठली.

चार वाजता तो घामाघूम होऊन आवक टेबलाशी आला. तिथे शालन बसायची. तिने अर्जावर शिक्का मारला, वेळ टाकली.

"टिपणी कुठाय, शालनताई?"

"बारालाच मंजूर झाली. सचिव सर गावी निघालेले, मॅडमनी हातोहात सही घेतली. शीर्षात आता काही नाही. नवीन वर्षाचे पैसे जूनच्या बैठकीनंतर सुटतात."

"अहो, सोमवारी ऑपरेशन आहे तिचं! काहीतरी करा, पाया पडतो."

"गेल्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्याचा अर्ज तुम्ही परत केलेला. तारखेत खाडाखोड आहे म्हणून. जूनमध्ये या म्हणालात." शालनने पोच फाडून त्याच्या हातात दिली. "जूनमध्ये मी मृत्यूचा दाखला घेऊन आलेले, जगनभाऊ."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालन होती.

"अहो, झालं का काम? बॅग भरायला घेऊ?"

जगनने फोनवर हात ठेवला आणि शालनकडे पाहिलं. शालनने पुढचा कागद ओढला.

"बोला ना," ती म्हणाली. "तिला तरी तुम्हीच सांगा."