दोन झाकणांचा बाक

मानसिंग लढाईवरून परत आला तेव्हा त्याचा डावा पाय शाबूत होता, पण गुडघ्यात वाकत नव्हता. साताऱ्यात मोटार स्टँडवर त्याला तिकिटं फाडायची नोकरी लागली आणि त्याची बायको अंजना कडेगावहून त्याच्या बिऱ्हाडात आली. बिऱ्हाड म्हणजे एकच खोली. एका अंगाला खाट, दुसऱ्या अंगाला चूल, आणि उरल्या भिंतीला छातीपर्यंत रचलेली अंथरुणं.

त्याचे वडील हंबीरराव बाजाराच्या निमित्ताने अधूनमधून यायचे. ते घोंगड्यावर बसायचे. सुनेच्या खाटेवर टेकणं त्यांना पटत नव्हतं. मानसिंगला खाली बसता येत नव्हतं, आणि बाप जमिनीवर असताना आपण खाटेवर बसणं त्याच्याने होत नव्हतं. मग तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राही. पोराला उभं बघून म्हातारा चहा घाईघाईने संपवी आणि निघून जाई. दिवाळीनंतर ते आलेच नाहीत.

"बसायला एक पेटी घिऊया," एके दिवशी अंजना म्हणाली. "वर माणसं बसतील, आत अंथरुणं जातील. खोलीत दुसरं काय मावायचं न्हाई."

जुन्या सामानाच्या दुकानात कुणा साहेबाची तशी एक पेटी होती. वर हिरव्या मखमलीची जाड गादी, झाकण उचललं की आत कापूर-चंदनाचा वास. मानसिंगचे डोळे चमकले. तो ऐटीत बसला. "झ्याक हाय," तो म्हणाला.

उठायची वेळ आली तेव्हा त्याचा हात बाजूला काहीतरी धरायला शोधू लागला. पेटी बुटकी होती, शिवाय गादी रुतत होती. चांगला पाय मागे घ्यावा तर टाच पेटीच्या फळीला आपटत होती. दुकानदाराने हात दिला. मानसिंगने तो न बघितल्यासारखं केलं आणि दुसऱ्या झटक्यात कसाबसा उभा राहिला.

"हीच घिऊ," तो म्हणाला. आवाज जरा चढला होता.

अंजना त्याला बाहेर घेऊन आली. "आवं, उठायला तरास झाला तुमास्नी."

"सवय हुईल."

"मामंजींच्या म्होरं रोज असं उठणार व्हय तुमी?"

तो वळून चालू लागला. रस्ताभर दोन पावलं पुढेच चालत राहिला. नाथाजी सुताराच्या दुकानाशी मात्र तो आपण होऊन थांबला.

तिथे करवतकामाचं एक उंच पायांचं बाकडं होतं. मानसिंग त्याच्यावर टेकला, टाच खाली मागे सारली आणि कशालाही न धरता उभा राहिला. परत बसला. परत उठला. अंजनाने पदराने जमिनीपासून बाकड्याची उंची घेतली आणि तिथे गाठ मारली.

"आत अंथरुणं मावतील असा बाक करा, एवढा उंच," ती नाथाजीला म्हणाली. "खाली पाय लावा, टाच आत जाया पायजे."

"बरं झालं, अंथरुणास्नी ओलबी लागायची न्हाई," नाथाजी म्हणाला. "झाकण म्होरं दोन बोटं काढतो, धरून उठता येईल. दार म्होरनं उघडायचं का वरनं?"

"म्होरनं कसं? खाट आडवी येती."

"मग वरनं. पण वर माणूस बसलेला असला तर अंथरूण काढायला त्याला उठवावं लागंल."

अंजना विचारात पडली. मानसिंग म्हणाला, "झाकण दोन करा की. एका अंगाला माणूस, दुसऱ्या अंगाला अंथरूण."

"आन् साखळी लावा," अंजना म्हणाली, "झाकण बोटांवर पडाया नको."

बाक आला तेव्हा खोली मोठी झाल्यासारखी वाटली. अंथरुणं आत गेली, मधे तिने कडुलिंबाचा पाला घातला. मानसिंगने दाराकडचं टोक धरलं, कारण ताठ पाय तिथे उंबऱ्याकडे पसरता येई.

हंबीररावांना त्याने स्वतः कडेगावच्या गाडीबरोबर निरोप धाडला. ते आले. बाकाकडे बघून क्षणभर अडखळले, मग लेकाच्या शेजारी येऊन बसले. दोघे बराच वेळ उसाच्या पाण्यावर बोलत राहिले. अंजना चहा ओतत होती. एवढी लांब बोलणी तिने दोघांची कधी ऐकली नव्हती.

जेवणानंतर म्हातारा बसल्या जागीच भिंतीला टेकून पेंगू लागला. मानसिंग त्यांना हलवायला जागचा उठला.

"असू द्या," अंजना हळूच म्हणाली. तिने मानसिंगच्या रिकाम्या अंगाचं झाकण उचललं, घोंगडं काढलं आणि सासऱ्यांच्या अंगावर घातलं.

हंबीररावांनी डोळे न उघडताच विचारलं, "लेका, कडेगावची गाडी कवा हाय रं?"

"चारला हाय. सकाळच्यालाबी हाय."

"सकाळच्या गाडीनं जातो मग," म्हातारा म्हणाला आणि त्याने घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं.