ती घरीच असते

फाईलमधला तो एक शब्द गादीवाल्याने पाठ केला होता. इडिओपॅथिक. बायकोच्या फुप्फुसांना चट्टे पडत चालले होते, जिना चढताना तिला दोनदा बसावं लागत होतं, आणि तीन महिन्यांपूर्वी या दवाखान्याने कागदावर लिहून दिलं होतं: इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने गोळ्या देता देता अर्थ सांगितला होता, "म्हणजे कारण माहीत नाही." गादीवाल्याने घरी येईपर्यंत त्याचं केलं, कारण नाही. त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी तो पोटभर जेवला होता.

आज फेरतपासणी होती आणि बायकोची थोरली बहीण सोबत आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. छातीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर लोखंडी बाकावर तिघं बसली होती, मध्ये बायको.

"आज मी आत येणार," थोरली म्हणाली.

"पेशंटबरोबर एकच माणूस चालतं."

"मग तुम्ही बाहेर बसा, भाऊजी."

"ताई, इथे तमाशा नको."

"तमाशा मी करतेय? बेबी माझ्याकडे बारा दिवस राहिली. आठव्या दिवशी सलग झोपली. तुमच्या घरी परत गेली आणि चार दिवसांत पुन्हा खोकून खोकून अर्धी झाली. का ते सांगा."

"हवापालट झाला."

"हवापालट," थोरली म्हणाली. "तीन गल्ल्या पलीकडे राहते मी. तिथे काय थंड हवेचं ठिकाण आहे?"

समोरच्या बाकावरचा म्हातारा हसला. गादीवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

"त्या पिसांनी खाल्लंय तिला," थोरली आवाज न वाढवता म्हणाली. "तुमच्या उशांनी."

गादीवाल्याने फाईल उघडली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि फाईल तिच्या नाकासमोर धरली. "वाचता येतं ना? कारण नाही म्हणून लिहिलंय. मोठ्या डॉक्टरांची सही आहे. तुम्ही कुठे शिकलात डॉक्टरकी?"

बायको दोघांच्या मधून समोरच्या भिंतीकडे पाहत होती. बोलायला लागणारा श्वास ती हल्ली जपून वापरायची.

खरं म्हणजे गादीवाल्याला दवाखान्यातला तो पहिला दिवस चांगला आठवत होता. एक शिकाऊ डॉक्टर फॉर्म भरत होता. बायकोला खोकल्याची उबळ आली होती, म्हणून उत्तरं यानेच दिली. सिगारेट? नाही. घरात ओल, बुरशी? नाही. कबुतरं, पोपट, कोंबड्या पाळता? नाही. आधी कुठली औषधं चालू होती का? नाही. धुळीचं काम करतात का? "छे, ती घरीच असते." यातलं एकही उत्तर त्याने खोटं म्हणून दिलं नव्हतं. दुकान खाली, घर वर. रोज दुपारची भांडी झाली की बायको खाली उतरायची, मागच्या खोलीत बसायची, लोकांच्या जुन्या उशा उसवायची, पिसं निवडायची, झटकायची आणि नव्या खोळीत भरायची. पण पगार घेणारे कारागीर दोन, ते पुढे बसत. काम ते करत. बायको हातभार लावायची. हातभाराला कोणी काम म्हणतं का?

कंपाउंडरने नाव पुकारलं. तिघंही आत गेली. कोणी अडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला आणि तो मागच्यापेक्षा कमी आहे म्हणाल्या. थोरलीने लगेच बारा दिवसांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. गादीवाल्याने ती मधेच तोडली.

"बाई, ह्यांना एकदा समजावा. तुम्हीच लिहिलंय, इडिओपॅथिक. म्हणजे कशानेही झालेलं नाही. बरोबर?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशाने झालं ते आम्हाला सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

"तेच ते."

"तेच नाही. अशा चट्ट्यांची माहीत असलेली कारणं आम्ही एकेक करून तपासतो. धूळ, पक्षी, बुरशी, औषधं, संधिवातासारखे आजार. सगळी बाद झाली की मग हा शब्द लिहितो. काही कारणं रक्तात दिसतात, काही स्कॅनमध्ये. बाकीची तुम्ही सांगाल तेवढीच आम्हाला कळतात." त्यांनी फॉर्म काढला. "इथे लिहिलंय, घरीच असतात. धुळीशी संबंध नाही. आणि ह्या म्हणतात, बहिणीकडे गेल्यावर बरं वाटलं. घरापासून लांब गेल्यावर बरं वाटणं साधी गोष्ट नाही. घरात काय आहे?"

गादीवाला फॉर्मकडे बघत राहिला. थोरली बोलणार तेवढ्यात बायकोने तिच्या मनगटावर हात ठेवला, आणि नवऱ्याकडे मान वळवली. सकाळपासून पहिल्यांदाच. नुसती बघत राहिली, हा काय सांगतो ते.

तो म्हणू शकला असता, काही नाही. थोरलीने आरडाओरडा केला असता, त्याने कागद दाखवला असता. आपल्यामुळे झालं हे ऐकण्यापेक्षा ते सोपं होतं.

"उशा भरते," तो म्हणाला. "पिसांच्या. दुकानात."

"किती वर्षं?"

"असेल थोडं फार... दुपारचंच..."

"सव्वीस," बायको म्हणाली. "रोज. चार तास."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"पक्षी पाळता का विचारलं होतं," गादीवाला म्हणाला. "पिसांचं कोणी विचारलं नाही."

"ती आमची चूक. आणि काम करतात का विचारलं होतं, ती तुमची." त्या फाईलवर काही लिहीत बोलत राहिल्या. पिसांच्या बारीक धुळीने काही जणांची फुप्फुसं वर्षानुवर्षं सुजत राहतात आणि शेवटी असेच चट्टे पडतात. स्कॅनचं चित्र दोन्ही आजारांत बसणारं होतं. आता रक्ताची एक वेगळी तपासणी, नळी घालून फुप्फुस धुऊन त्या पाण्याची तपासणी, आणि स्कॅन पुन्हा बघायचा. औषधही त्यावर ठरेल. एका आजारात जे औषध देतात ते दुसऱ्यात अपाय करू शकतं.

"म्हणजे बरी होईल?" थोरलीने विचारलं.

"पडलेले चट्टे जाणार नाहीत. सूज असेल तर ती उतरेल, पुढचं कदाचित थांबेल. पण तपासणीची वाट न बघता एक गोष्ट आजपासून. त्या घरात जायचं नाही. दुकान खाली असेल तर धूळ वर येतेच."

बाहेर आल्यावर थोरली रिक्षा बघायला गेली. गादीवाल्याने पिशवी पुढे केली, बायकोने ती त्याच्या हाताला न लागता घेतली.

"संध्याकाळी कपडे आणून देतो."

"नको. ताईचे घालीन. घरातलं काही आणू नका."

"मी मुद्दाम नाही सांगितलं असं वाटतं का तुला?"

तिने श्वास घेतला. "मुद्दाम लपवलं असतं तर निदान मी काम करते हे तुम्हाला ठाऊक आहे, असं तरी झालं असतं."

रिक्षा आली. थोरलीने तिला धरून बसवलं आणि पुढे रिक्षावाल्याशी बोलायला लागली. बायको बाहेर वाकून म्हणाली, "मागच्या खोलीत माझ्या जागी दुसरी बाई बसवू नका."

"मग उशा भरणार कोण?"

तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना. थोरलीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही," बायको म्हणाली. "नाक-तोंड बांधून भरा." मग बहिणीला म्हणाली, "चल गं."