सहीच्या जागेची फुली

फुलीचा उजवा पाय खाली येताना किंचित आत वळला होता. राजीनाम्याच्या मसुद्यावर मी सही कुठे करायची ते दाखवायला कुणीतरी पेन्सिलीने, हलक्या हाताने ती काढली होती.

त्या दिवशी मी ती नुसती पाहिली. लातूरच्या एमआयडीसीतल्या तेल कारखान्यात आठ वर्षं मी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. दुपारी ऑफिसात बोलावून पुनम मॅडमनी सांगितलं, प्रयोगशाळेतली एक जागा कमी होतेय. भरती आणि पगाराचं काम त्यांच्याकडे असे.

"उद्यापासून यायची गरज नाही. पण राजीनामा द्या, म्हणजे तुमच्या अनुभवपत्रावर डाग नको. ग्रॅच्युइटी लगेच जमा करू."

मी वेळ मागितला आणि कागद पर्समध्ये घालून बाहेर आले. दारात आमचे प्रमुख मल्लिनाथ सर उभे होते.

"मला पण आत्ताच कळलं, ताई. लई वाईट झालं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मीच त्यांना धीर दिला.

लातूरची खोली सोडून नांदेडला घरी आले. झोप गेली. जेवताना छातीत धडधड व्हायची, विनाकारण. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठीक आहे, धसका घेतलाय, रोज चाला. नवऱ्याने, यज्ञेशने, एक शिस्त लावली: सकाळी नोकरीचे दोन अर्ज नीट करायचे, मग संध्याकाळपर्यंत मोबाईल सासूबाईंच्या ताब्यात.

"तांदळाच्या डब्यात ठेवलाय," त्या म्हणाल्या. "नोकरी आलीच तर भात लावताना सापडेल."

कितीतरी दिवसांनी मी हसले.

कॉलेजात माझ्याबरोबर असलेला अश्वजित आता कामगार न्यायालयात वकिली करतो. त्याला कागद दाखवला.

"तुझ्या हाताखाली कुणी होतं? कुणाची रजा मंजूर करायचीस?"

"माझीच होत नव्हती."

"मग कायद्याने तू कामगार. तुला कमी करायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. एक महिन्याची नोटीस, नाहीतर त्या महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार भरपाई. राजीनामा दिलास की ती भरपाई गेली. ग्रॅच्युइटी दोन्हीकडून मिळतेच. पाच वर्षं झाली की तो तुझा हक्क, त्यांची मेहरबानी न्हाई."

सगळं समजलं, तरी ठरेना. नायगावजवळच्या एका कारखान्यात मुलाखत ठरली होती आणि अर्जात आधीच्या वरिष्ठांचं नाव मागितलं होतं. मी सवयीने मल्लिनाथ सरांचं दिलं होतं. कंपनीशी वाकडं घेतलं, तर सर काय सांगतील? यज्ञेशने विचारलं की मी म्हणायचे, उद्या सांगते. सही करत नव्हते आणि नकारही देत नव्हते.

मुलाखतीसाठी ॲप्रन धुवायला काढला. खिसे तपासताना सासूबाईंच्या हाताला एक लेबल लागलं.

"हे काय गं, टाकू का?"

नापास झालेल्या नमुन्याचं लेबल होतं. नमुना नापास झाला की सर लेबलवर पेन्सिलीने फुली मारत. शाई तेलात पसरते. मी ते राजीनाम्याच्या मसुद्याशेजारी ठेवलं. उजवा पाय तसाच, खाली येताना आत वळलेला. म्हणजे मला बोलावण्याआधी हा कागद सरांच्या टेबलावरून गेला होता. दिवाळीपासून ते मला प्रत्येक तपासणीची कृती लिहून काढायला का सांगत होते, तेही कळलं. मी फार मन लावून लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, नायगाववाल्यांनी मला विचारलं. मी चांगलंच सांगून राहिलो. तेवढं सहीचं उरकून टाका ना. लई दिवस झाले, मलाच विचारून राहिलेत इथं."

"सर, फुली तुम्ही काढलीत?"

"कुठली?"

"सहीच्या जागेची."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"दोघांतून एक नाव द्या म्हणाले. तुमच्या घरात यज्ञेशरावांचा पगार हाय. दुसऱ्याचं तसं न्हाई."

"आणि मला म्हणालात, आत्ताच कळलं."

"मग काय म्हणायचं होतं मी, ताई?"

सासूबाई डब्याचं झाकण हातात धरून तशाच उभ्या होत्या. धडधड सुरू झाली होती, पण आवाज स्थिर निघाला.

"नायगाववाल्यांना काय सांगायचं ते सांगा. मी राजीनामा देणार नाही, सर. तुम्ही मला कमी केलंय. तसं लेखी द्या."