भारदस्त मराठी

१९९९. टीव्ही कंपनीच्या मुंबई ऑफिसातून फोनवर बोलायच्या इंग्रजी ओळी आल्या: ‘हाय! डोन्ट वरी, टेल मी व्हॉट हॅपन्ड!’ नगरच्या कॉल सेंटरसाठी प्रज्ञानं त्यांचं मराठी केलं: ‘नमस्कार. आपले संपूर्ण नाव सांगावे व तक्रारीचे कारण स्पष्ट करावे.’ मुली तेच वाचू लागल्या. तक्रारी घटल्या. साहेब खूश, प्रज्ञा तर हवेतच.

रविवारी ती राहुरीला घरी गेली. त्यांच्याच कंपनीचा टीव्ही बंद पडलेला.

“आई, आमच्याकडे फोन नाही केलास?”

“केल्ता की. कुनी मोठ्या बाई हुत्या. कोर्टात इचारत्यात तसं इचारलं. घाबरून म्हनलं, टीव्ही चांगला हाय, चुकून लागला फोन.”

प्रज्ञाची मान खाली गेली.

“तितंच हायेस ना तू? त्या बाईंची माफी माग माझ्या वतीनं.”