जपानी अक्षरांतला जीव

रत्नमालाबाईंनी फोनची जपानी भाषा बदलू दिली नाही. आठ दिवसांत तिघांनी तसा प्रयत्न करून पाहिला. पहिला शेजारचा अभय. दुसरा मोबाइलचं कव्हर विकणारा. तिसरी खुद्द लेक सुलेखा, तीही जपानमधल्या नागोयाहून व्हिडिओ कॉलवर. "आई, सेटिंगमध्ये जा, दोन मिनिटांत इंग्रजी होईल," ती म्हणाली. रत्नमालाबाई म्हणाल्या, "मला इंग्रजी करून काय करायचंय? तुझ्याकडं आल्यावर रस्त्यात पडले तर मला उचलणारा जपानीच असंल ना? वाचायचं त्यालाय, मला नाय."

बाई एसटीत कंडक्टर होत्या. सव्वीस वर्षं कन्नडला जाणाऱ्या गाडीवर काढली. एकदा घाटात एक माणूस सीटवरच बेशुद्ध पडला. खिशात तिकीट अन् तंबाखूची पुडी, बाकी काहीच नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारत राहिले, साखरेचा आजार आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. गाडीतल्या चाळीस माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. माणूस वाचला, पण तो तासभर बाई कधी विसरल्या नाहीत. पुढं पाच वर्षांपूर्वी त्यांच्याच हृदयात धातूची झडप बसली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची झाली. तेव्हापासून पर्समध्ये हे सगळं लिहिलेली एक चिठ्ठी असायची. पण ती मराठीत. नागोयात तिचा काय उपयोग?

फोन सुलेखाचाच जुना होता. ती तिथं वृद्धाश्रमात वृद्धांची देखभाल करण्याचं काम करायची. नवा फोन घेतल्यावर जुना तिनं गावाकडं येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती पाठवून दिला आणि कुलूप उघडायचे सहा आकडे सांगून ठेवले. यंदा नको, पुढच्या वर्षी ये, असं तिनं तीनदा म्हणून पाहिलं होतं. बाईंनी तिकीट काढूनच टाकलं. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जा म्हणाले.

उड्डाणाला नऊ दिवस उरले असताना दुपारी बाई औरंगपुऱ्यात रिक्षातून उतरल्या. एका चपलांच्या दुकानावरच्या खोलीत तबस्सुम जपानी भाषा शिकवायची. नर्सिंग केलेली पोरं तिच्याकडं शिकून जपानला जात. सुलेखाही तिचीच विद्यार्थिनी.

"या मावशी, बसा ना. पंखा इकडं करू?"

"पंखा राहू दे बेटा. हे बघ." बाईंनी फोन आणि वहीचं पान पुढं ठेवलं. पानावर ओळीनं लिहिलं होतं: नाव, रक्तगट, झडप, गोळी, सुलेखाचा नंबर. "हे सगळं ह्याच्यात पायजे. कुलूप लावलेलं असतानाही दिसलं पायजे. अन् बटण दाबून मदत कशी बोलवायची तेही शिकव."

तबस्सुमनं पान वाचलं आणि मान डोलावली. "नीट लिहून आणलंय मावशी. चला." लाल हृदयाचं चित्र असलेली पांढरी खूण तिनं दाखवली. आत गेल्यावर वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर बोट ठेवलं, आणि यादीतल्या एका ओळीवर. "हे 'मेदिकारु आयडी'. आपली वैद्यकीय माहिती." आणि ती थबकली.

"काय झालं?"

"मावशी, हे तर आधीच भरलंय."

"कुणी?"

"सुलेखानं. फोन पुसला नाही तिनं, तसाच दिला." तबस्सुमनं बोट फिरवत वाचलं. "नाव सुलेखाचं. रक्तगट ए पॉझिटिव्ह."

"माझा तर बी पॉझिटिव्ह." बाईंनी वहीच्या पानावर बोट ठेवलं. म्हणजे आपण तिथं पडलो असतो, तर फोन उघडून बघणाऱ्याला वेगळीच बाई दिसली असती, गोळीचा उल्लेखही नसता. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर डॉक्टरला ते पहिल्यांदा कळायला हवं, हे त्यांना डॉक्टरांनी दहादा सांगितलेलं होतं.

"आपत्कालीन संपर्क एकच," तबस्सुम पुढं वाचत होती, "'हाहा', म्हणजे आई. नंबर..." ती हसली. "मावशी, तुमचाच आहे. तुम्ही मदतीचं बटण दाबलं असतं तर तुम्हालाच निरोप आला असता."

बाईही हसल्या. तबस्सुमचं बोट खाली सरकलं. ती मनातल्या मनात वाचत असावी, कारण ओठ हलले आणि मिटले. तिनं पटकन 'बदला'चं बटण दाबायला बोट उचललं.

"थांब," बाई म्हणाल्या. कंडक्टरकीच्या एवढ्या वर्षांत त्यांना एक समजलं होतं, माणूस तिकीट लपवताना कसं बघतो ते. "काय लिहिलंय?"

"ते सुलेखाचं आहे मावशी. तिला विचारून..."

"तिची आई विचारतीय."

"तिचं आहे म्हणूनच म्हणते. अल्ला कसम, मला वाचायला नको होतं." तबस्सुमनं फोन उपडा ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

पोरीचं बरोबर होतं. पण आता ते शब्द तिथंच आहेत हे कळल्यावर उठून जाणंही जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी आपला साधा फोन काढला आणि लेकीला लावला. तिकडं रात्रीचे साडेसात झाले असणार. ड्यूटी संपलेली असते.

"सुले, मी तबस्सुमच्या क्लासात आहे. तुझ्या जुन्या फोनात तुझी माहिती राहिलीय. तबस्सुमनं वाचली, पण मला सांगत नाय. तूच सांग."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"आई, पुसायचं राहिलं गं."

"व्हय, तेच तर."

"तेनकान. फिट येतात. आल्या होत्या," सुलेखा म्हणाली. आवाज अगदी बारीक. "दोन वर्षांपूर्वी पहिली. आंघोळीच्या खोलीत, एका आजीला उचलताना. आता गोळ्या चालू आहेत. सव्वा वर्षात एकही आली नाही. तुझ्या झडपेला ताण नको म्हणून..."

"म्हणून येऊ नको म्हणत होतीस."

"व्हय."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. रागवावंसं वाटलं. दोन वर्षं पोरगी एकटी गोळ्या गिळत होती आणि आपण इथं तिला लग्नाचं विचारत होतो. पण रडायला बसलं तर काम राहिलं असतं.

"आजीला लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी तिला आधी खाली बसवलं आणि मग मी पडले." सुलेखाला हसू फुटलं आणि लगेच हुंदका.

"बरं केलंस. आता सांग, नव्या फोनात हे लिहिलंस का?"

"नाही."

"का?"

"आई, ती माहिती कुलूप न उघडताही दिसते. कुणीही बघू शकतं. इथल्या एकीनं माझा तो जुना फोन सहज उचलला अन् वाचलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. साहेबांना मी आधीच सांगितलं होतं, ते चांगले आहेत. पण बाकीचे... कुणी माझ्याबरोबर आजींना उचलायला यायना."

तबस्सुम खिडकीकडं तोंड करून उभी होती.

"मी तुला लिहीच म्हणणार नाय," बाई म्हणाल्या. "तुझं तू ठरव. पण मी माझं लिहिणार. जगानं वाचावं, माझ्या छातीत लोखंड आहे अन् मी रक्त पातळ करायची गोळी खाते. मला त्याची लाज नाय वाटत. अन् मी येणार. तारीख बदलायची नाय."

"आई..."

"माझा आपत्कालीन संपर्क तू. तुझा जपानचा नंबर तोंडानं सांग, तबस्सुम लिहून घेतीय."

सुलेखानं आकडे सांगितले. तबस्सुमनं देशाचा कोड धरून ते आधी फोनच्या यादीत साठवले, कारण संपर्क तिथूनच निवडावा लागतो. मग तिनं सुलेखाला विचारूनच 'तेनकान' हा शब्द बाईंना दाखवला, तिची जुनी माहिती पुसली आणि बाईंचं पान भरायला घेतलं. 'केत्सुएकिगाता' म्हणजे रक्तगट, तिथं बी पॉझिटिव्ह. औषधात 'वारुफारिन'. आजारात 'किकाई-बेन', यांत्रिक झडप. शेवटी तिनं एक कळ सरकवून हिरवी केली. "हीच खरी कळ, मावशी. 'रोक्कु-चू नि ह्योजी'. कुलूप असताना दाखवा. ही बंद राहिली तर सगळं लिहून फुकट."

मग फोन कुलूप लावून बाईंच्या हातात दिला. "मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही रस्त्यात पडल्या आहात. मी काय करीन?"

बाईंनी पडदा वर सरकवला. आकड्यांच्या खाली डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरं होती. "'किंक्यू', आपत्कालीन," तबस्सुम म्हणाली. ती दाबल्यावर डायल करायचे आकडे आले आणि खाली 'मेदिकारु आयडी'. त्यावर बोट ठेवताच बाईंचं नाव आणि सगळी माहिती आली, सहा आकडे न टाकता.

पाच वेळा हे केल्यावर बाईंनी डोळे मिटून कोपरा दाखवला.

"आता बटण," त्या म्हणाल्या.

"बाजूचं आणि आवाजाचं, दोन्ही दाबून धरा. पट्टी येईल. सोडलं तर तिथंच थांबतं. धरून ठेवलं तर उलटी मोजणी सुरू होईल, भोंगा वाजेल. शेवटपर्यंत धरलं तर इथं खरंच मदत केंद्राला फोन जाईल, म्हणून आधीच सोडा. जपानात पडद्यावर निवडावं लागतं: पोलीस हवे असतील तर एकशे दहा, रुग्णवाहिका हवी असेल तर एकशे एकोणीस. आणि फोन झाल्यावर सुलेखाला तुमच्या जागेचा निरोप जाईल. तुम्ही रद्द केला नाही तर."

बाईंनी दाबलं. पट्टी आली. त्यांनी आणखी जोर दिला आणि असा भोंगा सुरू झाला की खालच्या दुकानातला इब्राहीम अर्ध्या जिन्यापर्यंत धावत आला. बाईंनी बटणं सोडली. शांत.

"कुछ हुआ क्या?" त्यानं दारातून विचारलं.

"काही नाही चाचा," तबस्सुम म्हणाली, "मावशी जपानला चालल्यात."

फोनवर सुलेखा अजून होतीच. भोंगा ऐकून ती पहिल्यांदा मोकळी हसली. "आई, तू तर अख्खा औरंगपुरा उठवलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नाश्त्याची भांडी घासत होत्या तेव्हा जपानी अक्षरांच्या फोनवर फोटो आला. सुलेखाच्या नव्या फोनचं, कुलूप असतानाही दिसणारं पान. बाईंना जपानी येत नव्हतं, पण एक शब्द आता ओळखीचा झाला होता, 'तेनकान'. त्याखाली दोन संपर्क. पहिला नंबर अनोळखी. दुसरा नंबर त्यांचा स्वतःचा, 'हाहा'.

खाली ओळ होती: "पहिला नंबर शेजारच्या हायाशी-सान यांचा. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझी आई आली की तिला चहाला घेऊन ये."

बाईंनी हात पुसले. लेकीला फोन लावण्याआधी त्यांनी कपाट उघडलं आणि हायाशीबाईंसाठी काय न्यायचं याचा विचार करू लागल्या.