“माझं” म्हणणारी माणसं

२०१३ साली आमच्या रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांसाठी दर गुरुवारी डॉक्टरांची बैठक भरे. नोंदी ठेवणारी नर्स मी. सर्जन आमचे म्होरके. त्यांचा एक दंडक होता: उठण्याआधी मी ठरलेलं सगळं मोठ्याने वाचायचं आणि ज्याचं काम त्याने “माझं” म्हणायचं. किरणोपचारवाल्या बाई त्याला हजेरी म्हणत.

एका गुरुवारी एकोणतीस वर्षांच्या मुलीची केस होती. स्तनात गाठ, नुकतंच लग्न झालेलं. आदल्या दिवशी तपासणीनंतर तिने माझा हात धरून विचारलं होतं, “मावशी, मला पुढे मूल होईल ना?” मी म्हटलं होतं, “डॉक्टरांना विचारू हं.”

पॅथॉलॉजिस्टने गाठीचा प्रकार सांगितला, मग बरीच खडाजंगी झाली. शेवटी मी वाचायला घेतलं.

“निर्णय: आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. केमो सोमवारपासून. त्याआधी गाठीत खुणेची क्लिप, शनिवारपर्यंत.”

“माझं,” रेडिओलॉजिस्ट म्हणाला.

“जनुकीय तपासणीसाठी रक्त.”

“माझं,” सर्जन म्हणाले.

“केमोआधी तिच्याशी मुलाबाळांबद्दल बोलणं.”

हे किरणोपचारवाल्या बाईंनी मध्येच सुचवलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता मात्र सर्जन आणि केमोचे डॉक्टर एकमेकांकडे बघू लागले.

“तुम्ही सांगता ना?” केमोच्या डॉक्टरांनी सर्जनना विचारलं.

“मला वाटलं, तुम्ही सांगता!”

“वा!” बाई म्हणाल्या. “म्हणजे दोघंही एकमेकांच्या भरवशावर. केमोने बीजांडांना धक्का बसतो. त्या पोरीची ती आधीच गोठवायची तर सोमवारच्या आत ठरायला नको?”

“त्याला दोन आठवडे जातील,” केमोचे डॉक्टर म्हणाले. “तेवढे थांबू. त्यापुढे एक दिवसही नाही.”

“मग तसंच लिहा,” सर्जन मला म्हणाले. “पण बोलणार कोण?”

केमोच्या डॉक्टरांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. “माझं. आजच बोलतो. आणि सिस्टर, तुम्ही सोबत या, तिला तुमची सवय झालीय.”

“माझं,” मी म्हटलं. बैठकीत तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला.

सोमवार खोडून नवी तारीख लिहिली. दुपारी मुलीला सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली आणि मग म्हणाली, “नवऱ्याला फोन करू?”

सर्जन आता नाहीत. बाई लेकीकडे राहतात, फोनवर अजून टोमणे मारतात. रेडिओलॉजिस्ट विभागप्रमुख झालाय. केमोचे डॉक्टर निवृत्त होऊन बागेत रमलेत. मुलगी ठणठणीत आहे. गोठवलेल्या बीजांडांतून तिला २०१७ साली लेक झाली. परवा ती चिमुरडी माझ्याकडे आली होती. ताटातला शेवटचा लाडू कुणाचा म्हणून मी विचारलं, तर “माझा” म्हणायच्या आधीच तिने हात पुढे केला.